प्राजू, तुझ्या वहीतलं पान

विटा, रविवार दुपार

प्रिय प्राजू,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेला, पोलीस भरतीच्या सरावाचा आठवडा लिहिलेल्या वहीच्या पानाचा फोटो मी मोठा करून तीनदा वाचला. आज सकाळी तो कागदावर उतरवून घेतला, म्हणजे बाजूला पेन्सिलीनं लिहिता येईल. फोनवर बोलले असते, पण तू "हो गं आई" म्हणून दोन मिनिटांत फोन ठेवतेस. हे तुला निवांत, दोनदा वाचायला हवं, म्हणून लिहिते आहे.

आधी एक विचारते. हे पान तुझ्या रूममेटच्या ओळखीच्या ताईनं दिलं ना? ती दोन वर्षं ग्राउंड करते आहे, मागच्या भरतीत थोडक्यात राहिली. तिच्यासाठी हे पान ठीक असेलही. पण ते तिच्या दोन वर्षांनंतरच्या आठवड्याचं पान आहे. तिचा पहिला आठवडा कसा होता, पहिले तीन महिने ती किती धावत होती, ते त्यात कुठेच नाही. तू गेले तीन आठवडे आठवड्यातून तीनदा दोन-दोन किलोमीटर धावत होतीस, म्हणजे सहा किलोमीटर. या पानाची बेरीज मी केली. सोमवारी पाच किलोमीटर आणि संध्याकाळी शंभरच्या दहा स्प्रिंट. मंगळवारी चारशेचे आठ राउंड फुल स्पीड आणि ५० वेळा गोळा. बुधवारी सहा किलोमीटर आणि २०० बैठका. गुरुवारी आठशेची ट्रायल. शुक्रवारी टेकडी, ती तीनेक किलोमीटर धरली. शनिवारी आठ किलोमीटर. रविवारी पुन्हा ट्रायल, आणि पुढे कंसात "जमलं तर विश्रांती". सगळं मिळून २७-२८ किलोमीटर होतात. सहावरून एकदम अठ्ठावीस. वर खाली लाल पेनानं "दर आठवड्याला रोज १ किमी वाढ" असंही लिहिलं आहेस.

पाच दिवस हे केलंस आणि परवा म्हणालीस, "नडग्या भरल्यात, बाकी काही नाही." त्या "बाकी काही नाही" वरच मला थांबायचं आहे.

धावायला लागलं की दोन-तीन आठवड्यांत दम टिकायला लागतो. हृदय, फुप्फुसं, रक्त लवकर शिकतात, म्हणून आपल्याला वाटतं की आता जमतंय, वाढवू या. स्नायूही तसे लवकर सावरतात. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या मात्र मागे राहतात. हाडावर नवा भार रोज पडायला लागला की शरीर आधी तिथला जुना भाग पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवा, घट्ट भाग भरतं. पोखरायला दोन-चार आठवडे पुरतात, भरायला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षाही कच्चं असतं. घराची जुनी भिंत पाडली आहे आणि नवी अजून ओली आहे, अशी ती अवस्था. नेमकं याच वेळी माणसाचा दम वाढलेला असतो, उत्साह असतो, आणि तो अंतर वाढवतो. आमच्या मैदानावर नवीन मुलींच्या नडग्या दुखायला लागायच्या त्या बहुतेक तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात. तू आत्ता चौथ्या आठवड्यात आहेस.

म्हणून हे वाचता वाचता एक कर. खुर्चीवर बस, पाय गुडघ्यावर आडवा घे आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत घोट्यापासून वर ये. वीतभर पट्टा सगळीकडे थोडा थोडा दुखत असेल, धावायला सुरुवात केली की दुखत असेल आणि अंग तापलं की कमी होत असेल, तर ते हाडाच्या कडेला आलेली सूज आहे. त्रासदायक आहे, पण आवरता येतं. पण एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर अंगठा ठेवला आणि तू दचकलीस, तर गोष्ट वेगळी. नुसतं चालताना दुखतंय, रात्री झोपेत ठणकतंय, धावताना कमी न होता वाढत जातंय, असं असेल तर ती हाडाला पडलेली बारीक चीर असू शकते. मग एका पायावर उड्या मारून बघायचं नाही, एक राउंडही मारायचा नाही, हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि तिथे एक्स-रे चांगला आला तरी गाफील राहायचं नाही. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर साध्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी एकोणीस वर्षांची असताना जिल्ह्याच्या खो-खो संघाच्या निवडीआधी आम्हाला डांबरी रस्त्यावर कॅनव्हासच्या बुटात रोज पळवायचे. उजव्या नडगीवर, घोट्याच्या चार बोटं वर, एकच जागा दुखायची. एक्स-रे काढला, काही दिसलं नाही. तेव्हाच्या आमच्या प्रशिक्षकांनी सांगितलं की मनाचे खेळ आहेत, पळ. मी पळाले. नवव्या दिवशी पोल मारताना पाय खाली टेकवला तो टेकवताच आला नाही. आठ आठवडे प्लास्टर. निवड गेली, पुढच्या वर्षीही नाही झाली. ती जागा पावसाळ्यात अजून कळते. तुझ्या आजोबांनी मला सायकलवर डबलसीट घरी आणलं होतं आणि वाटेत ते एक शब्द बोलले नव्हते. ते आठवलं की आजही माझ्या घशाशी येतं. तुझ्या बाबतीत मला त्या वाटेला पाऊलही टाकू द्यायचं नाही.

आता तू लिहिलेल्या टायमिंगकडे येते.

पानाच्या तळाला मोठ्या अक्षरात आहे, "३० दिवसांत ८०० – २:५०". मैदान ५० गुणांचं, त्यात आठशेला २०, शंभरला १५, गोळ्याला १५, आणि निम्मे मिळाले म्हणजे पास, हे मला माहीत आहे. नुसतं पास होऊन भागत नाही, मेरिट वर जातं, हेही माहीत आहे. म्हणून २:५० लिहावंसं वाटणं मला समजतं. पण ते आकडे मैदानावर उतरवून बघ. दोन पन्नास म्हणजे १७० सेकंद. चारशेची फेरी ८५ सेकंदांत, आणि तीही लागोपाठ दोनदा. तुझं आजचं टायमिंग चार मिनिटं दहा सेकंद, म्हणजे २५० सेकंद. तुला एका महिन्यात ८० सेकंद कापायचे आहेत. माझ्या हाताखालून इतक्या वर्षांत ज्या मुली चार मिनिटांच्या आसपास सुरू झाल्या, त्या नीट सरावानं तीन महिन्यांत साडेतीन मिनिटांच्या जवळ आल्या. तीनच्या खाली गेल्या त्या थोड्या, आणि त्यांना वर्षाच्या आसपास लागलं. २:५० लिहून ठेव, पण ते पुढच्या वर्षाच्या पानावर लिही.

आणि तुझ्या ट्रायलमध्ये एक गोष्ट आहे जी तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. तू फेऱ्यांचं टायमिंग वेगवेगळं लिहिलं आहेस, ते फार चांगलं केलंस. पहिली फेरी १ मिनिट ४०, दुसरी २ मिनिटं ३०. पन्नास सेकंदांचा फरक! म्हणजे शिट्टी वाजल्यावर तू शंभरसारखी सुटलीस आणि पाचशेच्या पुढे पाय ओढत आलीस. स्टॅमिना कमी आहे हे खरं, पण ही चूक स्टॅमिनाची नाही, वेगाच्या वाटणीची आहे. पुढच्या ट्रायलला पहिली फेरी जाणूनबुजून १ मिनिट ५८ मध्ये कर. पहिल्या दोनशेला घड्याळात ५८-५९ सेकंद दिसले पाहिजेत. तुला ते लाज वाटण्याइतकं सावकाश वाटेल, बाकीच्या पुढे जातील, जाऊ दे. दुसरी फेरी दोन मिनिटांत आली तरी चार मिनिटांच्या आत येशील. एक थेंब जास्तीचा घाम न गाळता बारा सेकंद वाचले.

ट्रायल मात्र आठवड्यातून दोनदा नाही, तीन आठवड्यांतून एकदा. ट्रायल म्हणजे परीक्षा, अभ्यास नव्हे. दर चार दिवसांनी परीक्षा दिली तर अभ्यास कधी करणार? चारशेचे आठ राउंड फुल स्पीड हेही तसंच. पहिला राउंड तू १:४० ला मारशील, चौथा सव्वादोनला, आणि सहाव्यापासून खांदे कानाला लावून, टाचा आपटत धावशील. थकून वाकडंतिकडं धावायची सवय पायाला लागते आणि तीच परीक्षेच्या दिवशी बाहेर येते.

माझ्या तीन महिन्यांच्या हिशोबात हे असं बसतं. तीन आठवड्यांनी चारच्या आत. सहा आठवड्यांनी ३:४५ च्या आसपास. बाराव्या आठवड्यात ३:३०, पाय ठणठणीत असले तर त्याहून थोडं कमीही. ग्राउंडची तारीख त्याआधी लागली तर तेवढ्यात जे हाताशी असेल ते घेऊन जायचं. पाच-दहा सेकंद इकडे तिकडे झाले तर गुण थोडे जातील. नडगीला चीर गेली तर अख्खं ग्राउंड जाईल.

उरलेले गुण कुठून आणायचे, तर गोळ्यातून. तिथे नवीन मुलीला ताकदीपेक्षा तंत्रातून लवकर मिळतं. पण ५० फेका मंगळवारी एका दमात नकोत. तुझा गोळा ४ किलोचा. पन्नास वेळा म्हणजे मनगट, कोपर, खांदा तिघांनाही दुसऱ्या दिवशी कळ लागते. तू म्हणालीस मनगट दुखतं, त्यावरून मला वाटतं तू गोळा तळहातावर ठेवतेस. तो बोटांच्या मुळांवर ठेवायचा, तळहात स्वच्छ राहिला पाहिजे. फेकून झाल्यावर बघ, माती बोटांच्या मुळाशी लागलेली हवी. मग मानेला, जबड्याखाली टेकवायचा, कोपर वर, आणि जोर मागच्या पायातून, कमरेतून आणायचा. गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. चेंडूसारखा फेकायला गेलीस की कोपर गेलंच. आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी पंधरा, आणि प्रत्येक दोन फेकांमध्ये स्वतः चालत जाऊन गोळा आणायचा.

आता पानावरच्या ज्या दोन-तीन गोष्टी मला नुसत्या चुकीच्या नाही, धोक्याच्या वाटतात, त्या सांगते.

बुधवारच्या २०० बैठका. ज्या पायांना बैठकांची सवय नाही त्यांनी एकदम दोनशे मारल्या तर मांडीचे स्नायू नुसते दुखत नाहीत, काही वेळा आतून फुटतात, आणि त्यातला मळ रक्तातून मूत्रपिंडात जातो. दोन दिवसांनी जिना उतरता येत नाही एवढ्यावर राहिलं तर नशीब. पण मांड्या दगडासारख्या सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठायचा. उद्यावर टाकायचं नाही. ऊन आणि कमी पाणी यात हे आणखी लवकर होतं. तुझ्या पानावर दोन्ही आहे. टेकडीची वेळ दुपारी चार लिहिली आहेस, तीही मार्च संपताना, आणि समासात "पाणी कमी, वजन लवकर उतरतं". प्राजू, पाणी तोडून उतरतं ते पाण्याचं वजन, संध्याकाळी दोन तांबे प्यायलीस की परत येतं. पण तेवढ्या वेळात अंगाची उष्णता बाहेर पडायचा रस्ता बंद होतो. २०२४ मध्ये झारखंडमध्ये शिपाई भरतीच्या १० किलोमीटरच्या धावेत दहाहून जास्त मुलं गेली. धडधाकट, तरणीताठी मुलं. ती बातमी आली तेव्हा तू घरी होतीस, मी टीव्ही बंद केला होता, तुला आठवत असेल. धावणं सकाळी सातच्या आत किंवा ऊन उतरल्यावर. धावताना गरगरलं, अंगावर काटा येऊन थंडी वाजली, छातीत दाबल्यासारखं झालं, तर राउंड अर्धा सोडून सावलीत बसायचं, कोण बघतंय हे बघायचं नाही. आणि ग्राउंडवर कोणी धावण्याआधी घ्यायची म्हणून गोळी किंवा इंजेक्शन देऊ केलं, ते कितीही विश्वासातलं माणूस असो, हात लावायचा नाही. याबाबतीत मी तुझं काहीही ऐकून घेणार नाही.

दुसरं, "वजन ६२ ते ५४, एक महिना". हिशोब करू. अंगातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. आठ किलोच्या झाल्या ६१,६००. तीस दिवसांनी भागलं तर रोज दोन हजारांवर. तुझं दिवसाचं सगळं जेवणच जेमतेम तेवढं आहे! म्हणजे महिनाभर काहीच खायचं नाही आणि वर धावायचं. हे होणार नाही, आणि करायला गेलीस तर उतरेल ते स्नायू आणि पाणी. मुळात तुझी उंची १६० सेंटिमीटर, त्याला ६२ किलो काही जास्त नाही. सराव सुरू असताना आठवड्याला पाव ते अर्धा किलो आपोआप उतरलं तर उतरू दे, त्यासाठी जेवण कापायचं नाही.

कारण तुझी पाळी मागच्या महिन्यात बारा दिवस पुढे गेली हे तू सहज बोलून गेलीस. कष्ट वाढले आणि खाणं कमी झालं की शरीर आधी तेच बंद करतं, आणि पाळीबरोबर हाडांना घट्ट ठेवणारं संप्रेरकही कमी होतं. बघ, फिरून नडगीपाशीच आलो. मेसमध्ये रात्रीची भाकरी सोडली आहेस ती उद्यापासून परत सुरू कर. वरण दोन वाट्या, दोन अंडी, धावून आल्यावर अर्ध्या तासाच्या आत शेंगदाण्याचा लाडू किंवा केळं आणि दूध. आणि या आठवड्यात रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन बघायचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्यात तू असशील तर कितीही राउंड मार, दम वाढणार नाही. तो दोष पायांचा नसेल.

आता मी उतरवून घेतलेल्या कागदावर खोडून काय लिहिलं ते सांगते. नडगी पट्ट्यानं दुखत असेल तर हे पुढच्या आठवड्यात सुरू करायचं. तोवर फक्त भराभर चालणं, आणि चालताना अजिबात दुखत नाही असे सलग तीन दिवस गेले पाहिजेत. दुखणं एका जागी असेल तर हा कागद बाजूला ठेव, आधी डॉक्टर.

धावायचे दिवस तीनच, मंगळवार, गुरुवार, शनिवार. मंगळवारी अर्धा तास, दोन मिनिटं हळू धावणं आणि एक मिनिट चालणं, असं दहा वेळा. हळू म्हणजे किती, तर धावताना एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. मी मुलींना एकोणतीसचा पाढा म्हणायला लावायची. पाढा चुकला तर हरकत नाही, पण मध्येच श्वास घ्यायला थांबावं लागलं तर वेग जास्त आहे. गुरुवारी वीस मिनिटं तसंच, आणि शेवटी ७० मीटरचे चार वेगाचे तुकडे. वेग तुझ्या पूर्ण जोराच्या पाऊणपट, चेहरा आणि हात सैल, आणि परत येताना पूर्ण चालत. शंभरची तयारी सध्या एवढीच. आत्ताच दहा स्प्रिंट मारल्या तर मांडीचा मागचा स्नायू खेचला जातो, आणि तो एकदा खेचला की महिना घेतो. शनिवारी दहा मिनिटं हळू धावून वॉर्मअप, मग दोनशेचे सहा, प्रत्येक ५५ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. ५५ का, तर तुझ्या आजच्या आठशेत दोनशे सरासरी साडेबासष्टला पडतात आणि ३:३० साठी साडेबावन्नला पडायला हवेत. आपण आज त्या दोन्हींच्या मधे उभे आहोत. सहावा तुकडा पहिल्याइतकाच आला पाहिजे. चौथ्यालाच ६० झाले तर तिथे थांबायचं, उरलेले दोन मारून काही मिळत नाही.

सोमवार आणि शुक्रवार गोळा, आणि त्यानंतर खुर्चीला टेकून उठण्यासारख्या बैठका दहाच्या दोन फेऱ्या, पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली बाराच्या दोन फेऱ्या, आणि कोपरांवर वीस सेकंद प्लँक तीनदा. त्या टाचा वर-खाली करायला कंटाळू नकोस. पोटरी दणकट झाली की नडगीवरचा दणका ती थोडाफार पिऊन घेते.

बुधवार आणि रविवार विश्रांती, आणि "जमलं तर" हे शब्द खोडले आहेत. विश्रांती म्हणजे त्या दिवशी रूमची सफाई, पाण्याचे कॅन वर चढवणं आणि तीन लायब्ऱ्या पालथ्या घालणं नव्हे. हळू फिरून आलीस तर चालेल. शरीराची भिंत या दिवशी भरली जाते, धावायच्या दिवशी नुसती पाडली जाते.

या आठवड्याची बेरीज सात किलोमीटरच्या आसपास होते. तुझ्या जुन्या सहाला लागूनच. दुसऱ्या आठवड्यात दोनशेचे तुकडे सहाचे सात कर, बाकी सगळं तेच. तिसऱ्यात मंगळवारचं धावणं दोनाऐवजी तीन मिनिटं. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची, अंतर वाढलं तर वेग नाही, वेग वाढला तर अंतर नाही. म्हणजे काही दुखलं तर कशानं दुखलं ते कळतं. तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी दोनशेऐवजी ट्रायल. चौथा आठवडा मुद्दाम हलका, दोनशे फक्त चार. हा आठवडा तुला फुकट गेल्यासारखा वाटेल, तरी सोडायचा नाही. पाचव्यापासून तीनशेचे तुकडे घेऊ, पण ते तेव्हा तुझे आकडे बघून.

धावायचं मातीवर. रूमच्या मागच्या डांबरी रस्त्यावर नाही, भले मैदानापर्यंत पंधरा मिनिटं चालावं लागो.

आणि एक गोष्ट तुझ्या पानावर मुळी नाहीच. पहाटे चारला उठून ग्राउंड लिहिलं आहेस आणि रात्री बारापर्यंत लेखीचा अभ्यास. म्हणजे झोप चार तास. यात नुसती बेरीज चुकलेली नाही, पायाच चुकला आहे असं समज. चार तासांच्या झोपेवर अठ्ठावीस किलोमीटरही वाया आणि सातही. मैदान आधी आहे, लेखी मग. तोवर रात्री साडेदहाला दिवा बंद आणि सकाळी साडेपाचला जाग. सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच मनगटाची नाडी मोजून वहीत लिही. आठवडाभरात तुझा नेहमीचा आकडा कळेल. लागोपाठ दोन दिवस तो आठ-दहानं वर असला, तर त्या दिवशी धावण्याऐवजी चालायचं. कधी त्याचं कारण ताप येऊ घातलेला असतो, कधी झोप, कधी तू मला न सांगितलेली काळजी.

दर रविवारी संध्याकाळी मला चार गोष्टी पाठव: शनिवारच्या दोनशेंचं टायमिंग एकेक करून, सकाळची नाडी, झोपेचे तास, आणि नडगी. बाबा म्हणतात मी तुला फार धरून ठेवते. त्यांना मी हे पत्र वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर ते काही बोलले नाहीत, उठून बाजारात गेले आणि दोन किलो शेंगदाणे घेऊन आले. लाडू उद्या होतील, बुधवारच्या एसटीनं शेजारच्या काकूंचा मुलगा पुण्याला येतो आहे, त्याच्याजवळ देते. तुझ्या बुटाचा नंबर सहा होता, अजून तोच आहे का ते कळव. नवे बूट दुकानात संध्याकाळी जाऊन घे, दिवसभरात पाय जरा सुजतो. पुढे अंगठ्यापुढं बोटभर जागा राहिली पाहिजे. पैसे बाबांनी पाठवले आहेत.

पत्र खाली ठेव, नडगीवर अंगठा फिरव, आणि नेमकं कुठे दुखतं ते सांगायला लगेच फोन कर. मी जागी आहे.

तुझी,
आई